पस्तीस हजारांचे नेमणूकपत्र आणि हातात आलेले २९,८८० रुपये

«मे महिन्यापासून मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात मला पहिली नोकरी लागली आहे. नेमणूकपत्रात वर्षाला ४,२०,००० रुपये लिहिले आहेत, म्हणजे महिन्याला ३५,०००. पगाराच्या स्लिपवर मात्र ग्रॉस ३२,००० आहे आणि बँकेत आले २९,८८०. पीएफ नेमणूकपत्रातही धरला आहे आणि स्लिपमध्येही कापला आहे. म्हणजे तो दोनदा घेतला का? जूनमध्ये माझा एकच दिवस बिनपगारी झाला, तर २८,८७१ आले. हा हिशेब मला लागत नाही. पीएफ नको असे कंपनीला सांगितले तर हातात जास्त येतील का? नेमणूकपत्राचे जोडपत्र आणि दोन्ही स्लिपांची छायाचित्रे सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे»

सप्रेम नमस्कार.

आपण कागद सोबत पाठवलेत हे फार बरे केलेत. मी तीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यांच्या टाइम ऑफिसात हजेरीपटाचे आणि पगाराचे काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की पगाराबद्दलच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या तरी नेमणूकपत्राचे जोडपत्र आणि स्लिप शेजारी शेजारी ठेवून वाचल्याबरोबर सुटतात. उरलेल्या निम्म्यांमध्ये खरोखर काही चुकलेले असते, आणि ते कुठे चुकले आहे हेही त्याच दोन कागदांवर दिसते.

प्रथम ३५,००० चा आकडा पाहू. आपल्या जोडपत्राच्या तळाशी त्याच्या पुढे सीटीसी असे लिहिले आहे. हा पगार नव्हे. आपल्याला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला महिन्याला एकूण जो खर्च येतो, त्याचा हा आकडा आहे, आणि त्या खर्चातील काही भाग आपल्या स्लिपवर कधीच येत नाही. आपल्या जोडपत्रात असे तीन भाग आहेत. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा १,९२० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद ७७० रुपये आणि गट आरोग्य विम्याचा हप्ता ३१० रुपये. या तिघांची बेरीज बरोबर ३,००० होते. ३५,००० मधून ते वजा केले की ३२,००० उरतात, आणि हाच आपल्या स्लिपवरचा ग्रॉस आहे. याचा अर्थ असा की ग्रॉसपर्यंत येताना कोणी काही कापलेले नाही. नोकरीची बोली होते तेव्हा हे नीट सांगितले जात नाही आणि मोठा आकडा पुढे केला जातो, याचा मला नेहमीच राग येत आला आहे, कारण पहिल्या नोकरीच्या मुलामुलींना सीटीसी आणि पगार यांतला भेद माहीत असण्याचे काहीच कारण नसते.

या तिन्हींपैकी ग्रॅच्युइटीचे ७७० रुपये सर्वांत फसवे आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. तिचा हिशेब शेवटच्या मूळ वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे असा असतो. आपले मूळ वेतन १६,००० आहे. ते पाच वर्षे तेवढेच राहिले असे धरले, तरी वर्षाला ९,२३१ रुपये या दराने पाच वर्षांचे सुमारे ४६,१५४ रुपये होतील. वर्षाच्या त्या ९,२३१ रुपयांचा बारावा भाग सुमारे ७६९ येतो, तोच आपल्या जोडपत्रात ७७० धरला आहे. परंतु कायम स्वरूपाच्या नोकरीत सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी आपण राजीनामा दिलात, तर हे पैसे मिळत नाहीत. आपल्या नावाच्या कोणत्याही खात्यात ते दरमहा जमाही होत नसतात. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांसाठी नव्या कायद्याने ही अट एका वर्षावर आणली आहे, पण आपल्या पत्रात मुदत लिहिलेली नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या देकाराशी तुलना करायची वेळ येईल तेव्हा सीटीसीतून ग्रॅच्युइटी बाजूला काढून मग तुलना करावी, असे मी सुचवीन.

आता पीएफ दोनदा घेतला का, या मुख्य प्रश्नाकडे येतो. भविष्य निर्वाह निधीत दोन हिस्से असतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालक आपल्या पदरची घालतो. आपल्याला महागाई भत्ता वेगळा नाही, म्हणून १६,००० चे बारा टक्के म्हणजे १,९२० आपले आणि १,९२० कंपनीचे. जोडपत्रात धरलेले १,९२० हे कंपनीचे आहेत आणि स्लिपच्या कपातीच्या बाजूला दिसणारे १,९२० आपले आहेत. ते एकाच रकमेचे असल्यामुळे एकच गोष्ट दोनदा घडल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात महिन्याला ३,८४० रुपये आपल्या पीएफ खात्यात जायला हवेत, आणि ते सगळे आपलेच आहेत.

मात्र आपली शंका निराधार नव्हती, हेही मला सांगितले पाहिजे, कारण मालकाचा हिस्सा खरोखर कामगाराच्या माथी मारण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. एका ठेकेदाराकडच्या मुलाने काही वर्षांपूर्वी माझ्याकडे स्लिप आणली होती. तिच्यात ग्रॉस जेवढा ठरला होता तेवढाच दाखवला होता, पण कपातीच्या बाजूला पीएफच्या दोन ओळी होत्या, एक कामगाराची आणि एक मालकाची, आणि दोन्ही त्याच ग्रॉसमधून वजा केल्या होत्या. हे बेकायदा आहे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो, अशी भविष्य निर्वाह निधी योजनेत स्पष्ट तरतूद आहे. त्यामुळे खूण एकच लक्षात ठेवा. मालकाचा हिस्सा सीटीसीच्या कागदावर ग्रॉसच्या खाली लिहिलेला असेल, तर तो मांडणीचा भाग आहे. तो स्लिपमध्ये उजव्या बाजूच्या कपातींत दिसत असेल, म्हणजे १६,००० मूळ वेतनावर १,९२० ऐवजी ३,८४० कापलेले असतील, तर ती तक्रारीची गोष्ट आहे. आपल्या स्लिपवर १,९२० ची एकच ओळ आहे.

ग्रॉसमधल्या ओळींपैकी मूळ वेतनाकडे सर्वांत आधी पाहावे. आपल्या स्लिपवर मूळ वेतन १६,०००, घरभाडे भत्ता ६,४००, प्रवासभत्ता १,६०० आणि विशेष भत्ता ८,००० असे ३२,००० झाले आहेत. यांपैकी पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर ठरतात, म्हणून पूर्वी कित्येक कंपन्या मूळ वेतन ग्रॉसच्या तिसऱ्या हिश्शाइतके ठेवून बाकीचे भत्त्यांत वाटत, म्हणजे त्यांचा पीएफचा बोजा कमी होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी यावर मर्यादा घातली. घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर निम्म्यापलीकडचा भाग वेतनातच धरला जातो. आपले मूळ वेतन बरोबर निम्मे आहे, तेव्हा आपल्या कंपनीने ही मांडणी विचारपूर्वक केलेली दिसते.

आता मे महिन्याची वजाबाकी अगदी सोपी होते. ३२,००० मधून पीएफचे १,९२० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की २९,८८० उरतात. व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. गुजरातमध्ये महिन्याला १२,००० पेक्षा जास्त पगार असणाऱ्याला तो दरमहा २०० रुपये द्यावा लागतो, आणि मालक तो पगारातून कापून भरतो. त्याचे दर राज्यागणिक वेगळे असतात, पण राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालून दिली आहे, म्हणून हा आकडा कुठेही फार वाढलेला दिसत नाही. आपल्या स्लिपवर ईएसआयची ओळ कोरी आहे, तेही योग्यच आहे, कारण कामगार राज्य विम्याची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. आपल्या ओळखीतल्या कोणाचा पगार त्याच्या आत असेल, तर त्याच्या स्लिपवर ०.७५ टक्के कापलेले दिसतील आणि त्याला विम्याच्या दवाखान्याचे कार्ड मिळालेले असले पाहिजे. आयकरही आपल्याला लागत नाही. वर्षाचा ग्रॉस ३,८४,००० होतो, आणि नव्या करप्रणालीत ४,००,००० पर्यंतच्या उत्पन्नावर कर नाहीच.

जूनच्या स्लिपचा हिशेब न लागण्याचे कारण असे, की तिथे एकाच वेळी तीन गोष्टी हलल्या आहेत. स्लिपवर डावीकडे दोन रकाने आहेत, त्यांकडे पाहा. पहिल्या रकान्यावर रेट लिहिले आहे आणि दुसऱ्यावर अर्न्ड. रेट म्हणजे ठरलेला दर, तो जूनमध्येही ३२,००० च दिसतो. अर्न्ड म्हणजे हजेरीप्रमाणे प्रत्यक्ष कमावलेले वेतन. जून तीस दिवसांचा, त्यांतला एक दिवस बिनपगारी, म्हणून ३२,००० चे एकोणतीस तिसांश, म्हणजे ३०,९३३. पहिली गोष्ट ही, आणि तिने १,०६७ रुपये कमी झाले. दुसरी गोष्ट अशी की मूळ वेतनही त्याच प्रमाणात १५,४६७ झाले, म्हणून त्याच्या बारा टक्क्यांनी पीएफ १,८५६ कापला गेला, मेपेक्षा ६४ रुपयांनी कमी. तिसरी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी, कारण ती फार छोटी आहे. कपातीत कामगार कल्याण निधीचे ६ रुपये आहेत. गुजरातमध्ये हा निधी सहा महिन्यांतून एकदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून घेतला जातो. कामगाराचे ६ आणि मालकाचे १२. म्हणजे ३०,९३३ मधून १,८५६, २०० आणि ६ वजा केले की २८,८७१. एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नाही.

येथे एक सूचना करतो. बिनपगारी दिवसाचा हिशेब काही कारखान्यांत महिन्याच्या दिवसांनी भागून करतात, तर काही ठिकाणी सव्वीस दिवसांनी भागतात. सव्वीसने भागले असते तर त्या एका दिवसाचे १,०६७ ऐवजी १,२३१ गेले असते. आपल्या कंपनीची पद्धत कोणती, हे टाइम ऑफिसात एकदा विचारून घ्यावे आणि ती दर महिन्याला तीच राहते आहे ना, हे पाहावे. जादा कामाचे पैसे देताना तीसने भागायचे आणि रजा कापताना सव्वीसने, असे जिथे चालते, तिथे कामगाराने शांतपणे पण ठामपणे खुलासा मागितला पाहिजे.

इथपर्यंतचे सगळे स्लिपवर तपासता येते. पण कपात झाली म्हणजे ती रक्कम आपल्या खात्यात पोहोचली, असे स्लिप सिद्ध करत नाही. माझ्या मते पगारदार माणसाने स्लिपपेक्षाही जास्त काळजीने तपासावी अशी गोष्ट हीच आहे. मालकाने एखाद्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणजे आपला मे महिन्याचा पीएफ १५ जूनपर्यंत आणि जूनचा १५ जुलैपर्यंत. आपला बारा आकडी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ सभासद क्रमांक, स्लिपवर छापलेला आहे. तो चालू करून घ्या आणि त्याला आधार, बँक खाते व स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे याची खात्री करा. मोबाइल क्रमांक कंपनीच्या कारकुनाचा नोंदवलेला असण्याची चूक मी अनेकदा पाहिली आहे. मग पैसे काढायच्या वेळी ओटीपी भलत्याच माणसाच्या हाती जातो. सर्व जोडणी झाली की त्याच मोबाइलवरून 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा, म्हणजे शेवटचा भरणा आणि शिल्लक यांचा संदेश येतो. मराठीत माहिती हवी असेल तर 7738299899 या क्रमांकावर पुढील संदेश जसाच्या तसा पाठवावा.

```
EPFOHO UAN MAR
```

परंतु या संदेशात एकूण रक्कम कळते, तिची फोड कळत नाही. तिच्यासाठी उमंग ॲपवरून किंवा passbook.epfindia.gov.in येथून पासबुक उघडावे लागते, आणि आपल्या बाबतीत ते उघडणे अगदी आवश्यक आहे. कारण पुढीलप्रमाणे.

मालकाचा बारा टक्के हिस्सा सर्वांच्या बाबतीत एकाच ठिकाणी जात नाही. ज्याचे पीएफसाठीचे वेतन १५,००० रुपयांपर्यंत आहे, त्याच्या मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफ खात्यात. समजा आपल्या एखाद्या मैत्रिणीचे असे वेतन १४,००० आहे. मालकाचे १,६८० होतील, त्यांतले १,१६६ पेन्शनकडे आणि ५१४ पीएफमध्ये. पेन्शनकडे गेलेले पैसे वाया जात नाहीत, किमान दहा वर्षांची सेवा झाली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून त्यातून मासिक पेन्शन मिळते, पण पीएफ खात्यातल्या शिल्लकेसारखे त्यावर व्याज साठत नाही. आता आपली गोष्ट वेगळी आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून असा नियम आहे की जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद होतो आणि त्या वेळी ज्याचे वेतन १५,००० पेक्षा जास्त असते, तो पेन्शन योजनेचा सभासद होऊ शकत नाही. आपली ही पहिली नोकरी आणि मूळ वेतन १६,०००. म्हणजे कंपनीचे सगळे १,९२० रुपये आपल्या पीएफ खात्यातच जमा झाले पाहिजेत.

पासबुकात तीन रकाने असतात, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. मे महिन्याच्या ओळीत आपल्याला १,९२०, १,९२० आणि शून्य असे दिसायला हवे. त्याऐवजी १,९२०, ६७० आणि १,२५० असे दिसले, तर कंपनीच्या पगार विभागाने सवयीने सर्वांना एकच सूत्र लावले आहे असे समजावे. १,२५० हा आकडा कुठून येतो, तर १५,००० चे ८.३३ टक्के तेवढे होतात. ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बेरीज बरोबरच असते. ती बाहेर येते ती नोकरी बदलून खाते दुसरीकडे नेताना किंवा पैसे काढताना. माझ्या हाताखाली काम शिकलेल्या एका मुलाचा अर्ज याच कारणाने परत आला होता. तोवर त्याने ती नोकरी सोडली होती, आणि जुन्या ठिकाणच्या पगार विभागात त्याला ओळखणारे कोणी उरले नव्हते. दुरुस्तीचे पत्र जुन्या मालकानेच पीएफ कार्यालयाला द्यायचे असल्यामुळे त्याला कित्येक फेऱ्या घालाव्या लागल्या. आपण नोकरीत आहात, दोनच महिने झाले आहेत, तेव्हा चूक असलीच तर आत्ता एका अर्जाने ती सुधारेल.

पासबुकात एखाद्या महिन्याची ओळच नसेल, तर घाबरून जाऊ नये, कारण भरणा झाल्यावर नोंद दिसायला काही दिवस लागतात. पण दोन महिने उलटूनही स्लिपवर कापलेली रक्कम पासबुकात नसेल, तर आधी कंपनीकडे लेखी विचारणा करावी, तोंडी नव्हे, आणि उत्तर आले नाही तर epfigms.gov.in येथे तक्रार नोंदवावी किंवा बडोद्यातील भविष्य निधी कार्यालयात स्लिपा घेऊन जावे. उशिरा भरलेल्या रकमेवर मालकाला वार्षिक बारा टक्के व्याज द्यावे लागते आणि त्याखेरीज दंडही होतो, त्यामुळे लेखी विचारणा गेली की बहुतेक ठिकाणी काम हलते. याच कारणासाठी प्रत्येक महिन्याची स्लिप उतरवून स्वतःजवळ ठेवा. नोकरी सुटल्यावर कंपनीचे पोर्टल बंद होते आणि आपल्या हातात पुरावा उरत नाही.

राहिला पीएफ नाकारण्याचा प्रश्न. वेतन १५,००० पेक्षा जास्त असलेल्या आणि पूर्वी कधीही सभासद नसलेल्या व्यक्तीला रुजू होताना पीएफमधून बाहेर राहता येते. रुजू होताना आपण जो फॉर्म ११ भरून दिलात, तो याच कामासाठी असतो. पण एकदा सभासद झाल्यावर आणि वर्गणी सुरू झाल्यावर त्या नोकरीत असेपर्यंत बाहेर पडता येत नाही. आपल्या दोन वर्गण्या गेल्या आहेत, म्हणून आता हा मार्ग बंद आहे. पुढे दुसरीकडे रुजू झालात, तरी आपण आधीच सभासद असल्यामुळे सदस्यत्व पुढे चालू राहील आणि हाच यूएएन तिथे द्यावा लागेल.

हा मार्ग उघडा असता तरी हातात किती आले असते, याचाही हिशेब मांडून पाहू. आपले १,९२० तर कापले गेले नसते, म्हणजे ३१,८०० मिळाले असते. मालकाचे १,९२० मात्र ग्रॉसमध्ये वाढवून द्यायलाच हवेत, असे कोणताही कायदा सांगत नाही. ते कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते, आणि वाढवून न देणाऱ्या कंपन्या मला माहीत आहेत. म्हणजे हातात १,९२० जास्त यावेत म्हणून महिन्याला तितकेच दुसऱ्याचे पैसे सोडून देण्याची वेळ आली असती. शिवाय पीएफच्या शिल्लकेवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले आहे, आणि सभासद नोकरीत असताना दगावला तर कुटुंबाला ठेवसंलग्न विमा योजनेतून कमाल ७ लाख रुपयांपर्यंत मिळतात, ज्याचा हप्ता कामगाराला भरावा लागत नाही. त्यासाठी आपण यूएएनच्या खात्यावर ई-नामांकन केले पाहिजे. ते आपल्या कागदांवरून झालेले दिसत नाही, तेव्हा आई किंवा वडील, ज्यांचे नाव घालायचे ठरवाल त्यांचे आधार कार्ड आणि छायाचित्र जवळ घेऊन ते याच आठवड्यात पूर्ण करा.

महिन्याला थोडे जास्त हातात हवेच असतील, तर पगार विभागाला एक प्रश्न विचारता येईल. काही कंपन्या पीएफची वर्गणी पूर्ण मूळ वेतनावर न धरता १५,००० च्या मर्यादेवर धरतात, आणि कायद्याला ते चालते. तसे झाले तर आपली कपात १,९२० ऐवजी १,८०० होईल, म्हणजे १२० रुपये जास्त हातात येतील, पण कंपनीची वर्गणीही तितकीच कमी होईल आणि ते १२० आपल्याला मिळतील की नाही, हे पुन्हा कंपनीच ठरवील. मी स्वतः आपल्या जागी असतो, तर हा प्रश्न विचारण्याऐवजी आज पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे की १,२५०, एवढे पाहिले असते. ते काय निघाले, हे मला जरूर कळवा. १,२५० असेल तर कंपनीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवीन.